घोरणं, दिवसाची पेंग आणि सकाळची डोकेदुखी: स्लीप ॲप्नियाची टेस्ट कुणी करायची?

(एपिसोडचा लिखित मजकूर)

मी नाशिकहून, गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमधून बोलतेय. मागून हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या, संध्याकाळची वेळ आहे आणि आकाशवाणी टॉवरच्या बाजूचं ट्रॅफिक काही आपलं ऐकत नाही.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता. प्रश्न साधारण असा: "घरात अमुक जण फार घोरतात. सकाळी उठले की डोकं धरून बसतात, दुपारी पेंगतात. याची काही टेस्ट असते का, आणि ती करायलाच हवी का?" टेस्ट असते. ती प्रत्येक घोरणाऱ्याने करायची गरज नाही, पण काही जणांनी अजिबात टाळू नये. हे 'काही जण' कोण, ते ओळखायचं कसं, एवढंच आज बोलू. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पण माझ्या आतेभावाच्या निमित्ताने हा सगळा रस्ता मी जवळून पाहिलाय, त्याचा रिपोर्ट ओळन् ओळ वाचलाय. आणि आज बोलतेय ते मोठ्या माणसांबद्दल. लहान मुलांच्या घोरण्याची कारणं आणि तपासणी वेगळी असते.

हे नाव तुम्ही कदाचित फेब्रुवारी २०२२ मध्ये ऐकलं असेल. संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा ६९ वर्षांचे होते. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी कारण सांगताना 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' हा शब्द वापरला. त्यांना छातीचा संसर्ग आणि इतरही त्रास होते, त्यामुळे 'घोरण्याने माणूस गेला' असा सरळ अर्थ काढू नका. पण त्या दिवशी बऱ्याच घरांत पहिल्यांदा कळलं की झोपेत श्वास अडकणं या आजाराला नाव आहे.

घशात नक्की काय होतं?

उसाचा रस कागदी स्ट्रॉने प्यायलाय का कधी? स्ट्रॉ ओली होऊन मऊ पडली की जोरात ओढल्यावर ती चपटी होते. रस यायचा बंद. आपण अजून जोर लावतो, ती अजून चपटी होते.

आपल्या जिभेच्या मागचा घशाचा भाग थोडा असाच आहे. खालच्या श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, नाकाच्या मागे हाडं असतात. मधल्या भागाला मात्र मुख्यतः स्नायूंनी उघडं धरलेलं असतं. जागेपणी ते स्नायू ड्युटीवर असतात. झोप लागली की ढिले पडतात. जागा थोडी अरुंद झाली की हवा जाताना टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ थरथरतात, तेच घोरणं. इथपर्यंत हवा आत जातेय.

पण तोच भाग पूर्ण बंद झाला तर आवाजही बंद. छाती आणि पोट हलत असतात, माणूस श्वास ओढायचा प्रयत्न करत असतो, पण हवा जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदू अलार्म वाजवतो आणि माणसाला क्षणभर जागं करतो. स्नायू आवळतात, घसा उघडतो, मोठा घुरका किंवा ठसका येतो आणि पुन्हा झोप. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. म्हणून "मी तर मस्त आठ तास झोपलो" हे तो खोटं बोलत नसतो. त्याला माहीतच नसतं.

हे दहा सेकंद किंवा त्याहून जास्त टिकलं तर त्याला 'ॲप्निया' म्हणतात. रस्ता पूर्ण बंद न होता हवा बरीच कमी झाली आणि त्याबरोबर ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली, तर 'हायपोप्निया'. हे दोन शब्द लक्षात ठेवा, रिपोर्टमध्ये हेच येतात.

सकाळची डोकेदुखी कशी असते?

या आजाराची डोकेदुखी उठतानाच हजर असते. बहुतेक वेळा डोक्याच्या दोन्ही बाजूंना, आवळल्यासारखी किंवा जड. मायग्रेनसारखं ठणकणं, मळमळणं, उजेड सहन न होणं सहसा नसतं. आणि ती काही तासांत, जास्तीत जास्त चार तासांत, आपोआप ओसरते. आठवड्यातून बऱ्याचदा असं होतं. ती नेमकी कशामुळे होते, कमी ऑक्सिजन की वाढलेला कार्बन डायऑक्साइड की तुटलेली झोप, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही.

फक्त सकाळी डोकं दुखतं म्हणून स्लीप ॲप्निया, असं मात्र धरू नका. रात्री दात खाणं, वाढलेला बीपी, आदल्या रात्रीची दारू, रोजच्या पेनकिलर, यांनीही सकाळी डोकं दुखतं. आणि अचानक आयुष्यातली सगळ्यात जोरदार डोकेदुखी झाली, किंवा सोबत उलट्या, अंधूक दिसणं, हातपाय लुळे पडणं असं काही असेल, तर हा एपिसोड बंद करा आणि हॉस्पिटल गाठा. तो वेगळा विषय आहे.

दादाची गोष्ट

आता आमच्या दादाबद्दल. वय ३८, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ९१ किलो. स्वतःचा छोटा धंदा, आठवड्यातून दोनदा गाडी घेऊन मुंबई. घोरण्याबद्दल घरात सगळे हसायचे. वहिनीला मात्र हसू येत नव्हतं. तिने मला एकदा सांगितलं, "अगं, घोरण्याचं काही नाही, त्याची सवय झालीय. ते मध्येच बंद होतात ना, तेव्हा मला जाग येते. मी वाट बघत बसते, आता श्वास घेतील, आता घेतील."

हे वाक्य डॉक्टरांसाठी सोन्यासारखं आहे. कारण आवाज किती मोठा आहे यापेक्षा आवाज मध्येच थांबतो का, आणि मग घुसमटल्यासारखा परत सुरू होतो का, हे जास्त महत्त्वाचं.

बाकीची लक्षणं विचारल्यावर एकेक निघत गेली. सकाळी डोकं जड, चहानंतर तासाभराने बरं. रात्री लघवीला दोनदा उठणं. तोंडाला कोरड. आणि दुपारी समोर बसलेला माणूस बोलत असताना डोळे मिटणं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो झोपेच्या तासांचा, आणि तो तुम्हा-आम्हाला फार लागू आहे. आपल्यापैकी कितीतरी जण रात्री अकराला परदेशी क्लायंटचा कॉल घेतो, दीडपर्यंत रील्स बघतो आणि साडेसातला उठतो. सहा तास झोपून दुपारी पेंग येते, तर आधी झोप पूर्ण करून बघा. दोन आठवडे रोज सात-आठ तास झोपा. तरीही पेंग तशीच राहिली, सुट्टीत मनसोक्त झोपूनही उठल्यावर थकवा राहिला, तर मग कारण शोधायचं. त्यात थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही येतं, बरं का. दादा मात्र रोज साडेदहाला झोपून सहाला उठणारा माणूस. तास पूर्ण होते.

पेंग मोजायला एपवर्थ नावाची प्रश्नावली असते. ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. आठ प्रसंग दिलेले असतात: वाचत बसताना, टीव्ही बघताना, तासभर गाडीत मागे बसून जाताना, सिग्नलला थांबल्यावर वगैरे. प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ मध्ये सांगायची. २४ पैकी १० च्या वर गेलं तर पेंग जास्त. दादाचे १५ आले.

टेस्ट कुणी करायची?

अमेरिकेतल्या स्लीप मेडिसिनच्या संस्थेने २०१७ मध्ये एक सोपा निकष दिला. घरच्या घरी टेस्ट करण्याइतका संशय कधी धरायचा? बहुतेक दिवस दिवसा खूप पेंग येत असेल, आणि त्यासोबत तीनपैकी किमान दोन गोष्टी असतील: नेहमीचं मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास थांबताना किंवा घुसमटताना कुणीतरी पाहिलेलं असणं, आणि डॉक्टरांनी निदान केलेला हाय बीपी. दादाकडे पेंग होती, घोरणं होतं, वहिनीने पाहिलेलं होतं. तिथेच निकष पूर्ण झाला. मग बीपी तपासला तर १४८/९६. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा घेतला, तरी तसाच. म्हणजे तिसरी गोष्टही निघाली.

हा झाला अमेरिकेतला निकष. आपल्याकडचं चित्र काय? मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या हेल्थ चेकअपला आलेले, ३५ ते ६५ वयाचे ६५८ पुरुष. म्हणजे आजारी म्हणून आलेले नाहीत हे लोक. त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली आणि त्यातल्या २५० जणांची घरी झोपेची टेस्ट केली. झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं. श्वास अडकणं आणि दिवसा पेंग, दोन्ही असलेले ७.५ टक्के. कुणाला धोका जास्त? बीएमआय, मानेचा घेर आणि मधुमेह, या तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या.

मानेचा घेर ऐकून हसू नका. शर्टाच्या कॉलरचा टेप घ्या आणि मोजा. डॉक्टर जी 'स्टॉप-बँग' नावाची आठ प्रश्नांची यादी वापरतात, तिच्यात मान ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर एक गुण मिळतो. बाकीचे प्रश्न: मोठ्याने घोरणं, थकवा, श्वास थांबताना पाहिलेलं, बीपी, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर आणि पुरुष असणं. पाच किंवा जास्त गुण म्हणजे मोठा धोका. दादाची मान ४२. त्याचे बीपी धरून सहा झाले.

पण यात एक गोम आहे. बीएमआय ३५ ही मर्यादा आपल्यासाठी फार वरची आहे. दादा जाडच दिसतो, पण त्याचा बीएमआय ३१ च्या खालीच, त्याला तिथे गुण नाही. विशीतल्या-तिशीतल्या माणसाला वयाचा गुण नाही. बाईला पुरुष असण्याचा गुण नाही. त्यातून बायका घोरण्यापेक्षा "झोप लागत नाही, थकवा आहे, डोकं दुखतं" अशी तक्रार जास्त सांगतात, आणि मग ते टेन्शनच्या खात्यात जातं. बारीक माणसालाही हा आजार होतो, खालचा जबडा लहान किंवा मागे असेल तर जिभेला जागाच कमी पडते. म्हणून गुण जास्त आले तर टेस्ट करा, पण गुण कमी आले म्हणून लक्षणं खोटी ठरत नाहीत. या यादीवरून निदान करायचं नसतं.

टेस्टची रात्र आणि रिपोर्टचं गणित

आपल्याकडे यासाठी छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं आणि 'होम स्लीप टेस्ट'बद्दल विचारायचं. दादाला एक छोटी पेटी दिली. नाकात एक बारीक नळी, छातीवर पट्टा आणि बोटाला ऑक्सिजनचा क्लिप. नळी हवा जातेय का ते बघते, पट्टा छाती प्रयत्न करतेय का ते बघतो, क्लिप ऑक्सिजन बघतो. छाती हलतेय पण हवा नाही, म्हणजे घसा बंद. छातीही हलत नाही, म्हणजे मेंदूकडूनच हुकूम आला नाही. तो वेगळा प्रकार, आणि त्याची तपासणी वेगळी. नेलपॉलिश असेल तर काढून टाका, त्या दिवशी दारू नको, दुपारची झोप नको.

रिपोर्टमध्ये मुख्य आकडा एएचआय. तासाला सरासरी किती वेळा श्वास अडकला. दादाच्या रात्रीत ११७ ॲप्निया आणि ९१ हायपोप्निया, एकूण २०८. मशीनने नीट नोंदवलेला वेळ साडेसहा तास.

२०८ ÷ ६.५ = ३२

पाचच्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. म्हणजे दादा तीव्र गटात. ऑक्सिजन सगळ्यात खाली ७८ टक्क्यांपर्यंत गेला होता. साधारण दर दोन मिनिटांना एकदा त्याचा मेंदू त्याला ओढून वर काढत होता.

आता भागाकारातला छेद बघा. साडेसहा तास हा मशीन चालू असल्याचा वेळ आहे, झोपेचा नाही. घरच्या मशीनला मेंदूच्या लहरी दिसत नाहीत, त्यामुळे तुम्ही जागे पडून होतात की झोपलेले, हे त्याला कळत नाही. समजा एका मुलीच्या रिपोर्टमध्ये सात तासांत २८ वेळा श्वास अडकला. २८ ÷ ७ = ४, म्हणजे नॉर्मल. पण नवीन वायरी लावल्यामुळे ती साडेचारच तास झोपली असेल तर? २८ ÷ ४.५ = ६.२. पाचच्या वर! लक्षणं जोरदार असताना घरची टेस्ट नॉर्मल आली, किंवा नळी मध्यरात्री निघून गेली, तर "चला, सुटलो" म्हणायचं नाही. मग हॉस्पिटलमध्ये रात्र काढून पूर्ण टेस्ट करायची, तिला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. त्यात मेंदूच्या लहरीही मोजतात.

काही जणांनी तर थेट हॉस्पिटलचीच टेस्ट करायची असते. हृदयाचा किंवा फुफ्फुसांचा मोठा आजार, स्ट्रोक होऊन गेलेला, स्नायूंचा कमजोरीचा आजार, अफूवर्गातली वेदनाशामक औषधं चालू, किंवा खूप निद्रानाश. यांच्यासाठी घरची पेटी पुरेशी नाही.

फोन आणि घड्याळाचं काय?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. फोन उशाशी ठेवून रेकॉर्डिंग जरूर करा, विशेषतः एकटे राहत असाल तर. हॉस्टेलवर, पीजीवर पाहणारी वहिनी नसते. ऐकताना काय शोधायचं? घोरणं, मग दहा सेकंद किंवा जास्त शांतता, मग एकदम घुरका. असा तुकडा सापडला तर तो डॉक्टरांना ऐकवा. पण फोनला हवा किती जातेय आणि ऑक्सिजन किती, हे दिसत नाही. नवीन घड्याळं स्लीप ॲप्नियाची शक्यता कळवतात. कळवलं तर दुर्लक्ष करू नका, पण नाही कळवलं याचा अर्थ आजार नाही असा होत नाही.

पुढे काय?

दादाला सीपॅप मशीन दिलं. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय जगासमोर आणला. मास्कमधून दाबाची हवा येते आणि ती त्या मऊ स्ट्रॉला आतून फुगवून उघडी धरते. यात वेगळा ऑक्सिजन नसतो, साधी खोलीतलीच हवा. पहिला आठवडा त्रासाचा गेला. मास्कमधून हवा गळून डोळ्यांवर यायची, तोंड कोरडं पडायचं. मास्कचा आकार बदलला, ओलावा देणारा भाग जोडला, मग जमलं. बऱ्याच जणांचं मशीन इथेच कपाटात जातं, म्हणून गळतीची तक्रार पहिल्या आठवड्यातच सांगा. मशीन घोरणं त्या रात्रीपुरतं थांबवतं, ते लावलं नाही तर त्रास परत. सोबत वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद आणि मनाने झोपेच्या गोळ्या न घेणं. दारू घशाचे स्नायू अजून ढिले करते. सौम्य-मध्यम आजारात दातांच्या डॉक्टरांकडून जबडा पुढे धरणारं उपकरण मिळतं, आणि काही निवडक लोकांना ऑपरेशनचा उपयोग होतो.

दादाची सकाळची डोकेदुखी गेली. बीपी थोडा उतरला, पण गोळी चालू आहे. हे सांगते, कारण सीपॅपने बीपी सहसा थोडाच कमी होतो, मशीन आलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

आणि एक गोष्ट डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितली होती, टेस्टच्याही आधी: उपचार सुरू होऊन पेंग जाईपर्यंत मुंबईला गाडी चालवायची नाही. कसारा घाटात दोन सेकंदांची डुलकी पुरते. तेवढे दिवस दादा ट्रेनने गेला. तुमच्या घरात ट्रक, बस, कॅब चालवणारं कुणी घोरत असेल आणि स्टिअरिंगवर पेंगत असेल, तर त्याची टेस्ट सगळ्यांच्या आधी करा. ऑपरेशनसाठी भूल घ्यायची असेल तर भूलतज्ज्ञांनाही हे आधीच सांगा.

ज्याला नुसतं घोरणं आहे, दिवसा ताजंतवानं वाटतं, बीपी नॉर्मल आहे आणि श्वास थांबताना कुणी पाहिलेलं नाही, त्याने लगेच टेस्टच्या मागे धावायची गरज नाही. वजन, दारू, चोंदलेलं नाक याकडे बघा आणि वर्षातून एकदा बीपी मोजा. बाकी, आज घरी जो घोरतो त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला एकच विचारा: "मध्येच आवाज बंद होतो का?" उत्तर 'हो' आलं तर अपॉइंटमेंट घ्या, आणि उत्तर देणाऱ्यालाही सोबत न्या.

प्रश्न नेहमीप्रमाणे व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूया, काळजी घ्या!